वापरलेली रेशमी साडी विकताना वर्णन कसं लिहावं

मावशीच्या कपाटातली पहिली साडी मी विकली तेव्हा वर्णनात एवढंच लिहिलं होतं : "उत्तम स्थितीत, फक्त दोनदा नेसलेली." दोन्ही गोष्टी मला खऱ्याच वाटत होत्या. ज्या ताईंनी ती घेतली, त्यांनी ती लेकीच्या केळवणाला नेसली आणि बसता-उठता पदर घडीच्या रेषेवर चिरत गेला. साडी दोनदाच नेसली होती, पण अठरा वर्षं एकाच घडीत पडून होती. मी ती पूर्ण उलगडून पाहिलीच नव्हती. पैसे परत केले, पण त्यांचा तो दिवस मला परत करता आला नाही.

त्यानंतर मी घरातल्या आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच साड्या विकल्या. प्रत्येक साडीचं वर्णन लिहिण्याची एक पद्धत बसत गेली, ती इथे सांगते. उदाहरण रेशमी काठपदर साडी आणि तिच्यावरच्या शिवलेल्या ब्लाऊजचं घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात.

बसण्याआधी काय हाताशी हवं

- शिंप्याची मऊ मापपट्टी (स्टीलची नको, जरीत अडकते)
- जमिनीवर अंथरायला धुतलेली पांढरी चादर
- खिडकीचा उजेड. सकाळी दहा-अकराचा सर्वांत बरा
- पांढरा सुती रुमाल आणि वाटीभर पाणी
- वही-पेन, आणि फोटोत आकार कळावा म्हणून एक रुपयाचं नाणं
- असेल तर खरेदीचं बिल, रेशीम मार्कची चिठ्ठी, ड्रायक्लीनची पावती

अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. तपासताना आपल्याच हातून धागा ओढला जाणं फार सोपं असतं.

१. साडी दोनदा तपासा, ड्रायक्लीनच्या आधी आणि नंतर

आधीची तपासणी ड्रायक्लीनवाल्याला डाग दाखवण्यासाठी. कशाचा डाग आहे हे त्याला सांगितलं तर तो त्याप्रमाणे हाताळतो. नंतरची तपासणी वर्णनासाठी. मधे एक गोष्ट हमखास फसवते. सरबताचे, पाकाचे, नारळपाण्याचे शिंतोडे वाळल्यावर दिसत नाहीत, पण गरम इस्त्री फिरली की तपकिरी होऊन वर येतात. साडी कपाटातून काढताना स्वच्छ होती म्हणून तशी लिहिली आणि घेणारीने इस्त्री केल्यावर डाग उठले, तर तिला वाटणार की तुम्ही लपवलं. म्हणून आधी स्वच्छ करून घ्या, इस्त्री होऊ द्या, आणि मगच लिहायला बसा.

फॉलचं काय करायचं, हा प्रश्न इथेच सोडवा. जुना फॉल मळलेला असेल तर मी तो उसवते. सुती फॉल धुतल्यावर आटतो आणि काठाला चुण्या पडतात. शिवाय फॉलखालचा भाग मूळ रंगाचा राहिलेला असतो, त्यामुळे साडी किती विटली आहे ते तिथे सरळ दिसतं. दोन्ही रंग एका फोटोत घ्या. मात्र काठच विरलेला असेल तर फॉल उसवू नका. टाके काढताना कापड जातं. तेव्हा "फॉल जुना आहे, काठाला आधार म्हणून ठेवला आहे" असं लिहा.

२. प्रत्येक दोषाला पत्ता द्या

"दोन-तीन बारीक डाग आहेत, नेसल्यावर दिसत नाहीत." हे वाक्य मीही लिहायचे. यातून समोरच्या बाईला काहीच कळत नाही. डाग छातीवर येणार की निऱ्यांत जाणार, हे तिला स्वतः ठरवता आलं पाहिजे.

साडी सुलट बाजू वर करून अंथरा. पदर तुमच्या उजव्या हाताला आणि खालचा काठ, म्हणजे ज्याला मागून फॉल लागतो तो, तुमच्याकडे. आता कुठल्याही डागाची जागा दोन आकड्यांत सांगता येते : पदराच्या टोकापासून किती इंच, आणि खालच्या काठापासून किती इंच. "कुंकवाचा फिकट डाग, पाव इंच, पदराच्या टोकापासून ५२ इंच, खालच्या काठापासून ३८ इंच" असं वाचल्यावर घेणारी आपली एखादी साडी काढून, तेवढं मोजून, अंगावर लावून बघू शकते.

आतल्या टोकाजवळचे दोष त्या टोकापासून मोजणं सोयीचं पडतं. साधारण बांध्याला तिथला पहिला मीटरभर भाग कमरेच्या पहिल्या वेढ्यात जातो आणि त्यापुढचा दीड-पावणेदोन मीटर निऱ्यांत. हे तुम्ही अंदाज म्हणून लिहू शकता, पण आकडा आधी द्या आणि अंदाज नंतर. उंच बाईच्या आणि बुटक्या बाईच्या निऱ्या एकाच जागी येत नाहीत. कुणी ब्राह्मणी पद्धतीने नेसेल, कुणी त्या साडीचा परकर-पोलका शिवून घेईल. तिच्यासाठी आतलं टोकच महत्त्वाचं असेल.

तपासताना घाई होते आणि चार जागा हमखास सुटतात.

पहिली जागा खांद्याची. पदराच्या टोकापासून साधारण ३५ ते ४५ इंचांवर सेफ्टी पिनची भोकं असतात. ती उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाहीत. भोक गोल आणि धागे नुसते सरकलेले असतील तर नखाने हलकं चोळल्यावर बरंचसं मिटतं. धागा तुटला असेल तर मिटत नाही. यातलं कोणतं, ते लिहा.

दुसरी जागा टाचेखाली येणारा खालचा काठ. तिथली जर घासलेली, तुटलेली असते आणि पायात अडकून शिवण उसवलेली असते. तिसरी, कमरेशी खोचण्याची वरची कड. तिथे घामाच्या पांढुरक्या रेषा राहतात. चौथी, पदराचे गोंडे. ते मोजून किती तुटले ते सांगा, एका वाक्याचं काम आहे.

रफू केलेलं असेल तर ते दोष म्हणून लिहायला संकोच वाटतो. लिहाच, आणि उलट बाजूचा फोटो द्या. चांगलं रफू बघून घेणारीला उलट धीर येतो.

३. घडीवर रेशमात जीव आहे का ते बघा

मला ज्याने शिकवलं तो हा भाग. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवरचे धागे कमकुवत होतात. जड जरीच्या साडीत आणखी लवकर, कारण जर वाकून वाकून तिथेच मोडते आणि शेजारच्या रेशमाला कापते. नेसणं कमी झालं असेल तर हा धोका कमी होत नाही, वाढतो.

प्रत्येक घडीची रेषा खिडकीसमोर धरा. रेषेवर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर कापड विरायला लागलं आहे. मग रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर चिमटीत धरून अगदी हलका ताण द्या. धडधाकट रेशीम ताण घेऊन परत जागेवर येतं. विरलेलं रेशीम बारीक चर्र आवाज करतं किंवा धागे फाकतात. असा आवाज आला की थांबा, आणखी ओढून बघू नका.

वर्णनात निकाल असा लिहा : "आठ घड्यांच्या रेषा तपासल्या. सहा भक्कम. पदराच्या टोकापासून ६६ आणि ८८ इंचांवरच्या रेषा विरल्या आहेत, हलक्या ताणाला धागे फाकतात." अशी साडी नेसायला विकू नये, असं माझं मत आहे. तिचे काठ आणि पदर चांगले असतील तर "ड्रेस, दुपट्टा किंवा उशीचे अभ्रे शिवण्यासाठी" असं शीर्षकातच लिहून विका. किंमत उतरते, पण ती त्याच साडीची खरी किंमत आहे.

४. साडीची मापं

"साडी काय, सगळ्यांना येते" म्हणून माप देत नाहीत, आणि तिथेच चुकतं. पाचवारी साधारण साडेपाच मीटर असते, त्यात ब्लाऊजपीस सुमारे ८० सेंटिमीटर जोडलेला असेल तर ६.३ मीटरच्या आसपास. पण जुन्या साड्या कमी भरतात, ड्रायक्लीन आणि धुण्यात आटतात, पिको करताना कड कापली जाते. भारी बांध्याच्या बाईला पाच मीटरची साडी निऱ्यांना पुरत नाही.

तीन आकडे द्या. लांबी, पदराच्या टोकापासून (गोंडे सोडून) आतल्या टोकापर्यंत. पन्हा, म्हणजे काठापासून काठापर्यंतची उंची. तो दोन ठिकाणी मोजा, पदरावर आणि निऱ्यांच्या भागात, कारण फॉल आटलेला असेल तर तिथे इंचभर कमी भरतो. उंच बाईला ४४ इंची पन्ह्याची साडी घोट्याच्या वर जाते, म्हणून हा आकडा तिच्यासाठी निर्णायक असतो. आणि तिसरा, ब्लाऊजपीस : आहे, कापला, की शिवला. "ब्लाऊजपीससह" लिहून शिवलेला ब्लाऊज पाठवला तर भांडण ठरलेलं.

५. ब्लाऊजची मापं

इथे साईज लिहू नका, किंवा लिहिलीत तर शेवटी लिहा. एका शिंप्याचा ३६ दुसऱ्याच्या ३८ एवढा असतो, आणि दहा वर्षांपूर्वी शिवलेला ब्लाऊज कुणाच्या अंगाला बेतलेला होता ते कापडावर लिहिलेलं नसतं.

कुर्ता सपाट ठेवून बगलेपासून बगलेपर्यंत मोजून दुप्पट करता येतो. ब्लाऊजला तसं करू नका. टक्समुळे तो सपाट बसत नाही आणि माप इंच-दीड इंचाने कमी भरतं. हूक उघडा, ब्लाऊज उलटा करा आणि मापपट्टी आतून, बगलेच्या किंचित खालून, हुकाच्या ओळीपासून आयच्या ओळीपर्यंत कापडाला धरून फिरवा. ही झाली छाती. तशीच खालच्या कडेला कंबर. मग उंची, खांदा, मुंढ्याचा घेर, बाहीची लांबी, बाहीच्या तोंडाचा घेर, पुढचा आणि मागचा गळा.

वर मोठ्या अक्षरात लिहा : "ही ब्लाऊजची मापं आहेत, अंगाची नाहीत." ३७ इंची ब्लाऊज ३६ इंच छातीच्या बाईला नीट बसतो, ३७च्या बाईला आवळतो. हा खुलासा नसेल तर घेणारी आपलं अंगाचं माप लावून बघते आणि ब्लाऊज परत येतो.

यानंतर आत किती माया आहे ते सांगा. बाजूच्या शिवणीत पुढच्या-मागच्या दोन्ही भागांना एकेक इंच माया असेल, तर शिवणीपुरती पाव इंच ठेवून एका बाजूला दीड इंच सुटतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तीन इंच. पण हे कंबरेपाशी झालं. मुंढ्याखाली शिंपी माया कापून कमी करतो, म्हणून तिथे वेगळी मोजा. आणि मायेतलं कापड बाहेरच्या कापडापेक्षा गडद असेल तर तेही लिहा, कारण उसवल्यावर जुन्या शिवणीची रेघ आणि रंगाचा पट्टा दोन्ही दिसणार.

६. स्वच्छतेबद्दल : केलं ते लिहा, हमी देऊ नका

"पूर्ण निर्जंतुक", "शंभर टक्के सॅनिटाइज्ड" असं लिहिलेलं मी अनेकदा वाचते. घरी रेशीम निर्जंतुक करता येत नाही. उकळता येत नाही, जास्त तापवता येत नाही. म्हणून दावा करू नका, कृती सांगा : काय केलं, कधी केलं, त्यानंतर कुणी अंगावर घातलं का, आणि कशात ठेवलं आहे.

ब्लाऊजच्या बगलेबद्दल स्पष्ट बोलावं लागतं. घाम पाण्यात विरघळतो, ड्रायक्लीनच्या द्रावणात तितकासा नाही. त्यामुळे ड्रायक्लीन करूनही बगलेत कडकपणा, पिवळटपणा राहू शकतो, आणि रेशमाचा रंग तिथे एकदा उतरला की परत येत नाही. अस्तर उलटून दोन्ही बगलांचा फोटो द्या. अस्तराला वास असेल तर मी ब्लाऊज विकतच नाही, साडी एकटी विकते. परकर तर कधीच विकू नये.

वासाबद्दल स्वतःच्या नाकावर विसंबू नका, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. साडी रात्रभर पिशवीत बंद ठेवा आणि सकाळी शेजारच्या काकूंना पिशवी उघडून हुंगायला सांगा. कुबट, अत्तर, उदबत्ती, डांबरगोळ्या, जे त्या सांगतील ते लिहा. डांबरगोळ्यांचा उल्लेख तर टाळूच नका. त्यातल्या नॅप्थलीनने जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना खरोखर अपाय होतो, आणि बारशासाठी साडी घेणारी बाई ती नेसून बाळाला मांडीवर घेणार असते.

घरात मांजर-कुत्रा आहे का, कुणी विडी-सिगारेट ओढतं का, कपाटात कसर लागली होती का, ही तीन उत्तरं एका ओळीत मावतात. कसर लागलेली असेल आणि साडीला भोक नसेल, तरी सांगा; ती पार्सलमधून दुसऱ्याच्या कपाटात जाऊ शकते.

रंग जातो का, हेही इथेच. पांढरा रुमाल ओला करून, पिळून, आतल्या टोकावर मिनिटभर दाबा. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर काठावरही. रुमालावर आलेल्या रंगाचा फोटो द्या, शब्दांची गरज नाही.

७. जे माहीत नाही ते दावा म्हणून लिहू नका

"अस्सल पैठणी, खरी जर." घरात वर्षानुवर्षं असंच म्हटलं गेलेलं असतं, म्हणून आपण तसंच लिहितो. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, मोकळे धागे लोंबत नाहीत. मागे कापलेले धागे किंवा जाळी असेल तर विणकाम वेगळ्या प्रकारचं आहे. तुम्ही निकाल देऊ नका. पदराच्या उलट बाजूचा जवळून फोटो द्या, जाणकार बघून घेतील. बिल किंवा रेशीम मार्क असेल तर तसं लिहा, नसेल तर "येवल्याहून घेतल्याचं घरी सांगतात, बिल नाही" एवढं पुरेसं आहे. जरीची तार काळी पडली असेल तर तेवढंच लिहा. त्यावरून ती चांदीची असल्याचा निष्कर्ष काढू नका, तांब्याची जरही काळवंडते.

धूपछाव साडीला एक रंग सांगू नका. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असतो, उजेडाप्रमाणे रंग बदलतो. दोन्ही रंग लिहा आणि दोन कोनांतून फोटो द्या.

८. सगळं जोडून

मावशीच्याच दुसऱ्या एका साडीचं वर्णन जसंच्या तसं देते.

> काठपदर रेशमी साडी, जांभळी (उजेडात किरमिजी झाक), हिरवे काठ. २०११ची खरेदी, बिल नाही. सहा-सात वेळा नेसलेली.
>
> लांबी २१४ इंच, पन्हा पदरावर ४६, निऱ्यांत ४५.५ इंच. ब्लाऊजपीस कापून शिवलेला आहे, सोबत देत आहे.
>
> दोष : (१) पदराच्या टोकापासून ३८ इंच, वरच्या काठाजवळ पिनची पाच भोकं, दोन ठिकाणी धागा तुटला आहे. (२) पदराच्या टोकापासून ५२, खालच्या काठापासून ३८ इंचांवर कुंकवाचा फिकट डाग, पाव इंच, ड्रायक्लीननंतरही राहिला. (३) आतल्या टोकापासून ६० ते ७५ इंच, खालच्या काठाची जर घासलेली. (४) दोन गोंडे तुटलेले. घड्यांच्या सगळ्या रेषा ताण देऊन तपासल्या, भक्कम आहेत. रफू नाही.
>
> ब्लाऊज (ब्लाऊजची मापं, अंगाची नाहीत) : छाती ३७, कंबर ३२, उंची १४.५, बाही १०, बाहीचं तोंड १२ इंच. कंबरेपाशी माया एक इंच, मुंढ्याखाली अर्धा. डाव्या बगलेत अस्तर किंचित पिवळट, वास नाही.
>
> स्वच्छता : याच महिन्यात ड्रायक्लीन, त्यानंतर कुणी नेसलेली नाही. फॉल उसवला आहे. सुती कापडात गुंडाळलेली, डांबरगोळ्या नाहीत. घरात मांजर आहे, कपाट बंद असतं. जांभळ्या भागाचा रंग ओल्या रुमालावर किंचित उतरतो, म्हणून घरी धुऊ नये.

ही साडी सोलापूरच्या एका ताईंनी घेतली. त्यांनी एकच प्रश्न विचारला : पिनच्या भोकांवर ब्रोच लावला तर झाकेल का? मी ब्रोच लावून फोटो पाठवला.

पार्सल बांधण्याच्या दिवशी वर्णन हातात धरून साडी पुन्हा एकदा उलगडा. वर्णन लिहून दोन महिने झाले असतील तर मधल्या काळात घडी, वास, दमटपणा बदललेला असू शकतो, विशेषतः पावसाळ्यात. काही नवीन दिसलं तर पाठवायच्या आधी घेणारीला फोन करा.